चॅटचा पुरावा: स्क्रीनशॉट का कमी पडतो आणि एक्सपोर्ट केलेली फाइल कशी जपावी

पुण्यातल्या एका भाडेकरूचं उदाहरण घेऊ. घर सोडताना ९०,००० रुपये डिपॉझिट परत यायचं होतं. घरमालकांनी ३५,००० रुपये रंगकामापोटी कापले. भाडेकरू म्हणते, ‘कापणार नाही असं त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं.’ घरमालक म्हणतात, ‘मी असं काही बोललोच नाही.’ भाडेकरूकडे त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट आहे आणि आपलं काम झालं असं तिला वाटतं. हे उदाहरण बेतलेलं आहे, पण अशा तक्रारी घेऊन लोक वकिलाकडे येतात तेव्हा हातात बहुतेक वेळा एवढंच असतं: फोनच्या गॅलरीतले चार-पाच स्क्रीनशॉट.

समोरचा वकील त्या चित्राला कुठे हात घालेल ते बघा. वर ‘घरमालक काका’ असं नाव दिसतंय, पण ते नाव भाडेकरूनेच आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेलं आहे. कुठलाही नंबर त्या नावाने सेव्ह करता येतो, आणि मैत्रिणीच्या फोनवरून हवे ते मेसेज स्वतःला पाठवता येतात. शिवाय खोटं चॅट हुबेहूब बनवून देणाऱ्या साइट आणि ॲप सर्रास मिळतात. त्यात निळ्या टिका, वेळ, बॅटरीचं चिन्ह, सगळं आपल्या मर्जीने भरता येतं. चित्राच्या आत असं काहीच नसतं जे खऱ्या आणि बनावट स्क्रीनशॉटमधला फरक खात्रीने दाखवेल.

याहून बारीक खोट वेगळीच आहे. व्हॉट्सॲपमध्ये मेसेज दोन प्रकारे पुसता येतो. सगळ्यांसाठी पुसला तर ‘This message was deleted’ अशी खूण मागे राहते. फक्त स्वतःसाठी, म्हणजे `Delete for me` करून पुसला, तर त्या जागी काहीच उरत नाही. वरचा आणि खालचा मेसेज एकमेकांना चिकटतात. म्हणजे स्क्रीनशॉटमधला प्रत्येक शब्द अस्सल असूनही संभाषण अर्धवट असू शकतं. मधला अडचणीचा मेसेज काढून टाकला आणि मग स्क्रीनशॉट घेतला, तर चित्रावरून ते कोणालाही कळणार नाही. म्हणून ‘मी काहीच एडिट केलेलं नाही’ एवढं म्हणून भागत नाही.

एक्सपोर्टमध्ये काय येतं, काय गळतं

चॅट उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूमधून `More`, मग `Export chat` निवडलं की व्हॉट्सॲप संपूर्ण संभाषणाची एक साधी टेक्स्ट फाइल बनवतं. आयफोनवर हा पर्याय चॅटच्या नावावर टॅप केल्यावर खाली सापडतो. फोटो आणि ऑडिओ सोबत घ्यायचे का, असं ते विचारतं. घ्यायचे. मात्र मीडिया घेतला की सगळ्यात अलीकडचे सुमारे १०,००० मेसेजच येतात आणि मीडियाशिवाय सुमारे ४०,०००. संभाषण अनेक वर्षांचं असेल तर दोन्ही प्रकारचं एक्सपोर्ट घ्यावं आणि पहिली ओळ कोणत्या तारखेची आहे ते तपासावं. जुनं गळलेलं असेल तर तिथेच कळतं.

आपल्या भाडेकरूने अँड्रॉइड फोनवरून एक्सपोर्ट घेतलं. वादाच्या चार ओळी अशा आल्या (तिचं नाव काढून इथे ‘भाडेकरू’ लिहिलं आहे):

```
08/03/25, 8:49 pm - भाडेकरू: काका, रंगकामाचे पैसे कापणार का?
08/03/25, 8:50 pm - भाडेकरू: आणि शेगडी तिथेच ठेवली तर चालेल का?
08/03/25, 8:57 pm - घरमालक काका: हो
08/03/25, 8:57 pm - घरमालक काका: नाही
```

या ओळी कोणालाही वाचायला द्या. पहिल्या प्रश्नाला हो, दुसऱ्याला नाही, असाच अर्थ लागतो. म्हणजे पैसे कापणार. प्रत्यक्षात काकांनी आधी शेगडीचा मेसेज उजवीकडे ओढून त्याला ‘हो’ असं उत्तर दिलं होतं आणि मग रंगाच्या मेसेजला ‘नाही’. फोनच्या स्क्रीनवर प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर मूळ प्रश्नाची चौकट दिसते. एक्सपोर्टच्या टेक्स्टमध्ये ती चौकट येत नाही. भाडेकरूने फक्त ही फाइल दाखल केली असती, तर तिचाच पुरावा तिच्या विरोधात वाचला गेला असता.

एक्सपोर्टमध्ये आणखीही काही गळतं. मेसेज पोहोचला की नाही, वाचला की नाही, हे त्यात नसतं. मेसेजवर दिलेला अंगठा किंवा हृदय नसतं. सेव्ह केलेल्या माणसाचा नंबर नसतो, फक्त नाव असतं. वेळ लिहिलेली असते ती एक्सपोर्ट करणाऱ्या फोनच्या घड्याळाच्या टाइम झोनप्रमाणे, आणि अँड्रॉइडवर सेकंद नसतात. दुबईत असलेल्या मुलाने आणि नाशिकच्या आईने एकच चॅट एक्सपोर्ट केलं, तर दोन फाइलींत दीड तासाचा फरक दिसेल आणि दोन्ही खऱ्या असतील.

वाचल्याची खूण गळते हे किरकोळ वाटेल, पण तसं नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं एक प्रकरण होतं. त्यात नोटीस पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवली होती. ती पोहोचली आणि उघडली गेली हे खुणांवरून दिसतंय, म्हणून न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती बजावली गेल्याचं मानलं. ‘मला मेसेज मिळालाच नाही’ हा बचाव जिथे अपेक्षित असेल, तिथे त्या टिकाच महत्त्वाच्या ठरतात.

म्हणून माझं मत असं, की स्क्रीनशॉट टाकून द्यायचे नाहीत, पण त्यांना पुरवणीची जागा द्यायची. मुख्य पुरावा सलग एक्सपोर्ट. त्याच्या सोबतीला स्क्रीन रेकॉर्डिंग, एका दमात, न थांबता घेतलेलं. सुरुवात समोरच्याच्या कॉन्टॅक्टच्या पानापासून करा, म्हणजे नाव आणि नंबर एकत्र दिसतील. मग चॅट वरून खाली सावकाश सरकवा. वादाच्या उत्तरावरची चौकट टॅप करा. व्हॉट्सॲप उडी मारून मूळ प्रश्नावर नेतं आणि कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर, हा वाद तिथेच मिटतो. शेवटी स्वतः पाठवलेल्या महत्त्वाच्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि `Info` उघडा. तो कधी पोहोचला आणि कधी वाचला, याच्या वेळा तिथे मिळतात. समोरच्याने वाचल्याची खूण बंद ठेवली असेल तर फक्त पोहोचल्याची वेळ दिसेल. दुसऱ्याने पाठवलेल्या मेसेजसाठी ही माहिती मिळत नाही.

फोटोंची गोष्ट वेगळी आहे

भाडेकरूने घर सोडताना भिंतींचे फोटो काढले आणि काकांना पाठवले. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात बरीच माहिती असते: काढल्याची तारीख आणि वेळ, फोनचं मॉडेल, लोकेशन चालू असेल तर जागा. हाच मेटाडेटा. पण फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की ॲप तो आकाराने लहान करतं आणि ही माहिती काढून टाकतं. समोर पोहोचतो तो `IMG-20250308-WA0007.jpg` अशा नावाचा नवा फोटो. नावातली तारीख व्हॉट्सॲपने दिलेली असते, फोटो काढल्याची असेलच असं नाही. मागच्या दिवाळीत काढलेला फोटो आज पाठवला तर नाव आजच्या तारखेचं लागतं.

म्हणून एक्सपोर्टमधला फोटो ‘हा फोटो त्या दिवशी पाठवला’ एवढंच सांगतो. ‘भिंत त्या दिवशी अशी होती’ हे सांगण्यासाठी कॅमेऱ्याच्या फोल्डरमधला मूळ फोटो लागतो, आणि तो बाहेर काढताना केबलने कॉपी करावा. ऑनलाइन पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण तसा पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते.

फाइलच्या बाबतीतही एक घोटाळा होतो. कॉम्प्युटर फाइलसमोर ‘तयार केल्याची तारीख’ दाखवतो. विंडोजवर फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये किंवा पेनड्राइव्हवर कॉपी केली की ती तारीख कॉपी केल्याची होऊन बसते. ती पाहून ‘चॅट तर गेल्या आठवड्यात बनवलंय’ असा आरोप होऊ शकतो. त्या तारखेवर विसंबून राहू नये. एक्सपोर्ट कधी, कोणत्या फोनवरून, कोणी घेतलं, हे त्याच वेळी वहीत लिहून ठेवावं. फोनचा आयएमईआय नंबर `*#06#` डायल केला की स्क्रीनवर येतो. तोही टिपावा, पुढे लागतो.

हॅश म्हणजे काय, आणि तो काय सांगत नाही

टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘हो’चं ‘नाही’ करायला पाच सेकंद लागतात. मग अशा फाइलवर विश्वास का ठेवायचा? इथे हॅश कामाला येतो. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवर ठरावीक गणित करून काढलेला एक निश्चित लांबीचा आकडा म्हणजे हॅश. SHA256 या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो, फाइल दोन ओळींची असो की दोन जीबीची. तीच फाइल असेल तर जगातल्या कोणत्याही कॉम्प्युटरवर तोच आकडा निघतो. एक अक्षर बदललं तर आकडा पार बदलतो. नुसता hello हा शब्द घेऊन बघा, आणि मग पहिलं अक्षर मोठं करून:

```
hello
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824
Hello
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

दोन्हींत साम्य शोधून सापडत नाही. उलट दिशेने, हव्या त्या आकड्याला जुळेल अशी दुसरी फाइल बनवणं SHA256 मध्ये आज कोणालाही जमलेलं नाही. MD5 आणि SHA1 या जुन्या पद्धतींत मात्र एकच हॅश असणाऱ्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम बनवून दाखवल्या गेल्या आहेत. निवड आपल्या हातात असेल तर SHA256 च घ्या.

काढायला काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये पहिली ओळ, मॅकवर टर्मिनलमध्ये दुसरी:

```
certutil -hashfile "chat.zip" SHA256
shasum -a 256 chat.zip
```

क्रम महत्त्वाचा आहे. एक्सपोर्टची झिप, म्हणजे टेक्स्ट आणि मीडिया एकत्र बांधलेली एकच फाइल, स्वतःलाच ईमेल करा, कॉम्प्युटरवर उतरवा, आणि ती उघडण्याआधी हॅश काढा. मग वाचायला आणि प्रिंट काढायला तिची वेगळी प्रत करा. मूळ झिपला पुन्हा हात लावायचा नाही. लोक नकळत हॅश मोडतात तो असा: फाइल वर्डमध्ये उघडून सेव्ह केली, एखादी रिकामी ओळ काढली, किंवा झिप उलगडून तेच सगळं पुन्हा झिप केलं. मजकूर तोच दिसतो, पण बाइट बदलतात आणि हॅश जुळत नाही. यात लबाडी नसते, पण ते सिद्ध करत बसावं लागतं.

आणखी एक गैरसमज असा, की पुन्हा एक्सपोर्ट केलं तर तोच हॅश यायला हवा. येणार नाही. मधल्या काळात एक नवा मेसेज आला असेल किंवा कॉन्टॅक्टचं नाव बदललं असेल, तर फाइलच वेगळी बनते. हॅश चॅटचा नसतो, त्या एका फाइलचा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॅश म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहर. मोहर लावल्यानंतर पाकीट कोणी उघडलं नाही एवढंच ती सांगते, आत काय घातलं होतं ते नाही. भाडेकरूने आधी फाइलमध्ये फेरफार केला आणि मग हॅश काढला, तर हॅश त्या खोट्या मजकुराची तितक्याच इमानाने राखण करेल. म्हणून दोन गोष्टी लागतात. पहिली, मोहर कधी लागली हे तिसऱ्या ठिकाणी नोंदलेलं असावं. हॅशचा आकडा त्याच दिवशी वकिलाला ईमेलच्या मजकुरात पाठवला, तर त्या तारखेला ही फाइल अशीच होती हे ईमेल सेवेच्या नोंदीवरून दाखवता येतं. वाद पेटण्याआधीची तारीख असेल तर उत्तमच. दुसरी गोष्ट म्हणजे फोन. फाइल फोनमधल्या चॅटशी जुळते की नाही हे तपासायचा मार्ग उघडा राहिला, तरच मोहरेला अर्थ आहे.

कायदा काय मागतो

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुन्या कायद्यातलं कलम ६५-ब तेच मागत होतं, आणि त्याचा सगळ्यात मोठा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर भरला गेला का, यावरून वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओच्या सीडी हा पुरावा होता, पण मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं, की प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, नुसती तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याने शक्य ते सगळे प्रयत्न करूनही प्रमाणपत्र दुसऱ्याने अडवून ठेवलं, त्याला त्याची शिक्षा होणार नाही.

नव्या कायद्यात फरक पडला तो हॅशमुळे. कायद्याच्या परिशिष्टात प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत: भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत उपकरणाचा प्रकार, कंपनी आणि मॉडेल, रंग, सिरीयल नंबर, आयएमईआय यांच्या जागा आहेत. त्याखाली हॅशचा आकडा लिहायचा आणि तो SHA1, SHA256, MD5 की आणखी कशाने काढला त्यावर खूण करायची. हॅशचा अहवालही जोडायचा. आयएमईआय वहीत लिहायला सांगितलं ते यासाठी. केस उभी राहीपर्यंत तो फोन विकलेला किंवा फुटलेला असेल, तर हे रकाने भरताना लोक अडतात.

प्रमाणपत्रामुळे पुरावा दाखल होतो. तो खरा मानायचा की नाही हे न्यायालय उलटतपासणी ऐकून ठरवतं. आपल्या भाडेकरूला तिथे विचारलं जाईल, की चार ओळींच्या आधी आणि नंतर काय होतं? म्हणून निवडक ओळी न देता संपूर्ण चॅटची फाइल द्यावी, स्वतःला अडचणीचे वाटणारे मेसेज धरून. तिने कुठेतरी ‘एका भिंतीला ओल आलीये, सॉरी काका’ असं लिहिलं असेल तर तेही राहू द्यावं. ते पुसलं, तर काकांच्या फोनमध्ये ते आहेच. त्यांच्या वकिलाने ते दाखवलं की बाकीच्या सगळ्या फाइलवरचा विश्वास उडेल.

कंपनीकडून चॅट मागवता येईल, या आशेवर मात्र कोणी राहू नये. व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे ते पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाही, कंपनीलासुद्धा, वाचता येत नाहीत. पोहोचलेला मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर ठेवला जात नाही, आणि न पोहोचलेला ३० दिवसांनी काढला जातो. मजकूर असतो तो दोघांच्या फोनमध्ये आणि त्यांच्या बॅकअपमध्ये. मूळ डेटाबेसमध्ये प्रत्येक मेसेजला स्वतःचा ओळख क्रमांक असतो आणि मिलिसेकंदापर्यंतची वेळ असते. एक्सपोर्टमध्ये न आलेली उत्तराची जोडणीही तिथे सापडते. न्यायवैद्यक तज्ज्ञ वाद मिटवतो तो इथून.

त्यामुळे वादाची चाहूल लागली की फोन बदलू नका, फॅक्टरी रीसेट करू नका, ‘ॲप नीट चालत नाही’ म्हणून व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकू नका. त्या माणसाला ब्लॉक करायचं असेल तर करा, पण चॅट डिलीट करू नका. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू आहे का ते त्याच क्षणी पाहा. ती २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर असते. आता बंद केली तरी चालू असताना पाठवलेले मेसेज ठरल्या वेळी जातातच, तेव्हा एक्सपोर्ट आजच घ्यायला हवं. समोरच्याने २०२५ मध्ये आलेली `Advanced chat privacy` ही सोय त्या चॅटला लावली असेल, तर एक्सपोर्टच होत नाही. मग सलग स्क्रीन रेकॉर्डिंग घ्यायचं, त्या व्हिडिओ फाइलचा हॅश काढायचा, तो वकिलाला पाठवायचा आणि फोन जसा आहे तसा कपाटात ठेवून रोजच्या वापराला दुसरा घ्यायचा.